‘ते’ म्हणजे कोण

“सर, तुम्ही एवढंच लिहून द्या, की बायका अशाच बोलतात. बाकी मी बघतो.”

वकीलसाहेब आमच्या लातूरच्या घरी दुपारी आले होते. उदगीरचा माणूस, भल्या मनाचा, पण घाईचा. समोर अर्धा पेला पाणी होतं आणि तो अर्धाच का आहे हे विचारायची त्या उन्हाळ्यात कुणाला गरज नव्हती. शहराला रेल्वेने पाणी येत होतं. नळाला पाणी कधी येईल यावर शेजारी भेटले की बोलत, आणि कुणालाच नक्की माहीत नसे.

वकीलसाहेबांच्या शेजारी माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यातही भाषाविज्ञान. हा मुलगा बी.ए.ला माझ्या वर्गात होता, नंतर एका खाजगी शाळेत लागला. त्याची थोरली बहीण उदगीर तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. तिचा नवरा गावातली विहीर उपसायला आत उतरला आणि वर आलाच नाही. तळाला गाळ होता, हवा कोंडलेली होती. दुसरा एक मजूर दोर धरून वर होता, त्याने ओढलं तेव्हा उशीर झाला होता.

प्रश्न एकच होता. गावच्या पाणी समितीने त्याला कामावर उतरवलं, की तो आपल्या मर्जीने उतरला. समितीने उतरवलं असेल तर बाईला सरकारी मदत मिळणार होती आणि मुलांची शाळा चालू राहणार होती. मर्जीने उतरला असेल तर काहीच नाही. नायब तहसीलदारांनी गावात येऊन चौकशी केली, तिचा जबाब घेतला, आणि निष्कर्ष लिहिला: मर्जीने उतरला. तोही तिच्याच जबाबावरून.

जबाबातलं ते वाक्य वकीलसाहेबांनी मला दाखवलं. कारकुनाच्या स्वच्छ अक्षरात होतं: “समितीचे लोक उतरू नका म्हणत होते, परंतु माझ्या पतींनी ऐकले नाही.” खाली तिची सही.

“ती असं बोललीच नाही सर,” मुलगा म्हणाला. “माझ्या खिशात मोबाइल चालू होता. ऐका.”

त्याने ते लावलं. पंखा, कोंबड्या, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग तिचा आवाज, अगदी हळू: “ते नको म्हणत होते, ते काय ऐकनात.”

मी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

ज्याला मराठी येतं त्याला हे समजावून सांगायला नको, पण नीट बघितल्याशिवाय लक्षातही येत नाही. ‘ते’ म्हणजे पुष्कळ जण, आणि ‘ते’ म्हणजे मान देऊन एकच माणूस. क्रियापद दोन्हींना सारखंच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी तिच्या सासरची रीत. ती त्याला ‘ते’ म्हणायची. समितीचे लोकही ‘ते’च. वाक्यात दोन ‘ते’ होते आणि दोन अर्थ होते. नवरा नको म्हणत होता आणि समिती ऐकेना. किंवा समिती नको म्हणत होती आणि नवरा ऐकेना. कारकुनाने दुसरा अर्थ घेतला, ‘ते’च्या जागी ‘समितीचे लोक’ आणि ‘माझे पती’ असं भरलं, आणि वाचून दाखवून सही घेतली. वाचून दाखवलं तेव्हा ती काय ऐकत होती कुणास ठाऊक. तेराव्याला चार दिवस झाले होते.

दोर धरणारा मजूर हीच गोष्ट सांगता तर घोळ झाला नसता. तो मित्राचं नाव घेऊन म्हणाला असता, अमका नको म्हणत होता. नाहीतर ‘त्यो’ म्हणाला असता. मग त्याला कुणी विचारलं नाही का? विचारलं होतं. तो समितीतल्याच एकाच्या शेतावर सालाने होता. त्याने सांगितलं, “असंल साहेब. म्या काय बघितलं न्हाई. दोर धरूनशान होतो.”

“बघा सर,” वकीलसाहेब म्हणाले, “आपला मुद्दा सरळ आहे. बायकांची भाषा मोघम असते. नावं घेत नाहीत, ‘वाटतं’, ‘असंल’ म्हणत राहतात, समोरच्याला ‘हाव, हाव’ म्हणतात म्हणजे कबूल असतं असं नाही, नुसतं ऐकतेय असा अर्थ असतो. पुरुष ‘हाव’ म्हणाला म्हणजे कबूल. हे मी वाचलंय कुठंतरी. तज्ज्ञ म्हणून तुम्ही लिहा. प्रांताधिकाऱ्यांसमोर मी मांडतो.”

आतून आमच्या घरच्या म्हणाल्या, “आमच्याकडं तर उलटं आहे. मी ‘हाव’ म्हणलं की काम होतं. हे ‘हाव’ म्हणले की पेपर वाचून राहिलेत.”

वकीलसाहेब हसले. मी म्हणालो, आधी सगळं ऐकतो, मग सांगतो.

ध्वनिफीत तासाभराच्या आतली होती. मी ती शब्द न् शब्द उतरवून काढली. कोण कुठे थांबलं, कोण कुणाच्या बोलण्यात घुसलं, सगळं. हे आमच्या विषयाचं रोजचं काम आहे आणि मला ते आवडतं, कारण त्यात मत चालत नाही. जे ऐकू आलं ते लिहायचं, न आलं तर ‘अस्पष्ट’ लिहायचं.

आणि जसजसं लिहीत गेलो तसतसा वकीलसाहेबांचा मुद्दा हातातून निसटत गेला.

‘असंल’, ‘वाटतं’, ‘काय की बाई’ हे त्या बाईच्या बोलण्यात होतं, खरंच. पण त्या मजुराच्या बोलण्यात तितकंच होतं, किंबहुना जास्त. तो प्रत्येक वाक्याला ‘हाव साहेब’ म्हणत होता. नायब तहसीलदार म्हणाले, तू दोर धरला होतास? हाव साहेब. मग तू बघितलं असशील? हाव साहेब. नाही बघितलं? हाव साहेब, न्हाई. तो काही कबूल करत नव्हता. साहेबांचं बोलणं डोक्यावरून जाऊ देत होता. आणि त्याच खोलीत गावची उपसरपंच बसलेली होती, बाईच. तिच्या बोलण्यात एकदाही ‘असंल’ नव्हतं. “समितीनं कुणाला उतरवलं नाही. आम्ही नकोच म्हणलं होतं.” सरळ, एका दमात. तिचं बोलणं कुणी तोडलं नाही.

कारकून बोलणं तोडत होता. त्या बाईचं तोडत होता आणि मजुराचंही. मी दोन्ही मोजलं. फरक दाखवण्यासारखा नव्हता.

हे मला नवं नव्हतं. परदेशात कोर्टातल्या साक्षींवर फार पूर्वी काम झालेलं आहे. आधी लोक म्हणायचे की अशी अडखळती, मोघम भाषा ही ‘बायकांची भाषा’. मग ध्वनिफिती तपासल्या तर दिसलं की शिकलेल्या, हुद्द्यावरच्या बायका तशा बोलत नाहीत, आणि गरीब, बेकार पुरुष तसे बोलतात. ती बायकांची भाषा नव्हती. ज्याच्या हातात काही नाही त्याची होती. बायकांच्या हातात बहुधा कमी असतं, म्हणून ती बायकांची वाटते. त्याच अभ्यासातून दुसरंही दिसलं, आणि ते वाईट होतं: असं बोलणाऱ्यावर ऐकणारे कमी विश्वास ठेवतात. मग तो पुरुष असो की बाई.

‘हाव’चंही तसंच. बायकांचं ‘हं’ म्हणजे ‘ऐकतेय’ आणि पुरुषांचं म्हणजे ‘कबूल’, असा एक तर्क कुणीतरी मांडला होता. तर्क होता तो. पुढे तो पुस्तकांतून, व्याख्यानांतून नियम होऊन फिरला. पुरावा फार थोडा. माझ्यासमोरच्या ध्वनिफितीत तर एक पुरुष सतत ‘हाव’ म्हणत होता आणि काहीच कबूल करत नव्हता.

मी वकीलसाहेबांना फोन केला.

“तुम्ही म्हणता तसं मला लिहिता येणार नाही.”

“का सर? खोटं थोडंच आहे. सगळे म्हणतात.”

“सगळे म्हणतात म्हणूनच. या फितीत तो मजूर तसाच बोलतोय. समोरच्या वकिलाने ते दाखवलं तर आपलं काय राहील?”

“समोरचा वकील एवढा ऐकतोय होय.” मग म्हणाले, “बरं, मग खरं काय आहे ते लिहा. पण कामाचं लिहा.”

खरं आणि कामाचं, हे दोन्ही जुळवायला मी नांदेडला गेलो. माझ्या बाई, ज्यांच्याकडे मी पीएच.डी. केली, निवृत्त होऊन तिथे राहत होत्या. नांदेडला त्या वर्षी गोदावरीचं पात्रही वाळूचंच दिसत होतं. बाईंच्या दारात दोन घागरी झाकून ठेवलेल्या. त्यांनी सगळी उतरवलेली पानं वाचली, चष्मा काढला.

“अरे, तुला अडचण काय आहे?”

“बाई, मला खात्रीने सांगता येत नाही. ती सगळ्या जबाबात नवऱ्याला ‘ते’ म्हणते. समितीच्या लोकांना बहुतेक ठिकाणी ‘लोकं’ म्हणते, ‘गावातले’ म्हणते. पण दोन ठिकाणी त्यांनाही ‘ते’ म्हणते. आणि या वाक्यात तर दोन्ही ‘ते’ आहेत. कुठला कुणाचा हे शब्दांवरून सुटत नाही.”

“आधीच्या वाक्यावरून?”

“आधी ती म्हणते, सकाळी लोकं घरी आले, चला म्हणले. मग म्हणते, त्यांच्या अंगात कणकण होती. मग कारकून मध्येच विचारतो, कोण, समितीचे नको म्हणत होते? ती म्हणते, हाव, समितीचे आलते घरी, ते… आणि उपसरपंच म्हणते, आम्हीच नको म्हणत होतो की. मग ती बाई ते वाक्य बोलते.”

“अंगात कणकण होती म्हणजे नवराच नको म्हणत असणार.”

“असणार, बाई. मलाही तेच वाटतं. पण वाटतं.”

बाई हसल्या नाहीत. “तू आता त्या बाईसारखाच बोलतोयस,” म्हणाल्या. “तू ‘वाटतं’ म्हणालास तर त्याला शास्त्र म्हणतात. ती म्हणाली की तिला मोघम म्हणतात. लिहिताना एवढं लक्षात ठेव.”

मी विचारलं, मग वकील म्हणतात तसं लिहू का.

“नको. आपण आयुष्यभर ज्या बाजारगप्पा खोडत आलो त्याच तू सही करून देणार? आणि त्या तिच्या उपयोगाच्या नाहीत. बायका अशाच, असं एकदा म्हटलं की पुढचा माणूस म्हणतो, मग बायकांचं खरं कशाला धरायचं.” चष्मा पुन्हा लावत म्हणाल्या, “पण खरं लिहून तिचं काम होईल असंही मी म्हणत नाही.”

परतीच्या एस.टी.त मी प्रांतांना द्यायच्या टाचणाचा मसुदा मनात करत होतो. पुढच्या बाकावर दोन माणसं नवीन जिल्ह्याबद्दल बोलत होती. उदगीर जिल्हा होणार अशी त्या वर्षी जोराची हवा होती. एक म्हणत होता, कलेक्टर ऑफिस कुठं होणार ती जागासुद्धा ठरली. दुसरा म्हणाला, “पाणी कुठनं आणणार मंग त्या कलेक्टराला?” दोघंही हसले. नांदेडपासून अहमदपूरपर्यंत ते दोघे बोलत होते. त्यांच्या शेजारी बायका बसल्या होत्या, गप्प.

मी टाचणात चार गोष्टी लिहिल्या. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत या भागात अजून आहे आणि अशा बोलण्यात ‘ते’ या शब्दाचा अर्थ संदर्भावरूनच ठरतो. या जबाबात ‘ते’ हा शब्द बहुतांश ठिकाणी नवऱ्यासाठी आलेला आहे. वादातलं वाक्य बोलताना तिचं बोलणं दोनदा तोडलं गेलं, आणि ‘हाव’ हे उत्तर कोणत्या प्रश्नाला आहे ते नक्की सांगता येत नाही. म्हणून कारकुनाने लिहिलेला अर्थ हा एकमेव अर्थ नाही. त्याच्या उलट अर्थ तितकाच, किंवा आधीच्या वाक्यांवरून जास्त, शक्य आहे.

यातला एकही शब्द मला वाढवता आला नाही. कमीही करता आला नाही.

सुनावणीची तारीख दोनदा पुढे गेली. पहिल्यांदा प्रांत पाणीटंचाईच्या बैठकीला गेले होते. दुसऱ्यांदा प्रांतांच्या कचेरीतले शिरस्तेदार वकीलसाहेबांना म्हणाले, “जिल्हा होऊ द्या की. फायली तिकडंच जाणार आहेत सगळ्या. घाई काय आहे?”

“बाईची पोरं आहेत,” वकीलसाहेब म्हणाले.

“पोरं तर सगळ्यांनाच असतात.”

तिसऱ्या तारखेला सुनावणी झाली. तेव्हाच मी तिला पहिल्यांदा पाहिलं. तोवर फक्त आवाज ऐकला होता. माझ्या अंदाजापेक्षा ती लहान होती, तिशीच्या अलीकडची. मला बघून उठली, पदर नीट केला. “सर, माझ्यामुळं तुमाला लई चकरा झाल्या.”

समितीच्या बाजूने तालुक्याचा एक वकील होता. त्याने माझं टाचण वाचलं होतं, हे मला मानावं लागलं. पण बोलायला लागला तेव्हा त्याने ते बाजूला ठेवलं आणि प्रांतांकडे बघून हसत म्हणाला, “साहेब, आता विज्ञानानंच सिद्ध झालंय, बाई दिवसाला वीस हजार शब्द बोलते आणि पुरुष सात हजार. इतक्या बोलण्यात एखाददुसरं इकडं तिकडं होणारच. म्हणून तर लेखी जबाब घेतात.”

खोलीत हसू पसरलं. प्रांतही हसले. दोर धरणारा मजूर भिंतीला टेकून उभा होता, तोही हसला.

हा आकडा मी वर्गात दरवर्षी खोडतो. तो कुठून आला हे शोधणाऱ्यांना त्याच्या मागे कुठलीही मोजणी सापडलेली नाही. उलट विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्यांचं दिवसभराचं बोलणं खरोखर मोजलं, तेव्हा बायका आणि पुरुष दोघांचीही सरासरी सोळा हजारांच्या आसपास आली. खूप नंतर आणखी मोठ्या मोजणीत मधल्या वयाच्या बायकांचा आकडा काहीसा वर गेला, ते मी लपवत नाही. पण माणसामाणसांतला फरक इतका प्रचंड की बाई-पुरुष हा फरक त्यात हरवून जातो. आणि जिथे चारचौघांत, बैठकीत, सभेत बोलायचं असतं, तिथे बहुतेक अभ्यासांत पुरुषच जास्त वेळ बोललेले आढळतात. त्या दालनातसुद्धा तेच चाललं होतं. आम्ही पुरुष सकाळपासून बोलत होतो. जिच्यासाठी बोलत होतो ती एक शब्द बोलली नव्हती.

मी हात वर केला. प्रांत म्हणाले, “सर, तुमचं लेखी आलंय. वाचलंय मी.” मी हात खाली घेतला.

मग प्रांतांनी एक गोष्ट केली, जी मला त्या वेळी न्यायाची वाटली. त्यांनी तिला पुढे बोलावलं. आवाजही चढवला नाही. “ताई, घाबरू नका. आता मला नावं घेऊन सांगा. कोण नको म्हणत होतं?”

तिचा सासरा मागे बसला होता. सासू बाहेर पायरीवर.

“नाव घ्या. इथं काही हरकत नाही.”

तिने एकदा भावाकडे बघितलं. मग नवऱ्याचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच घेतलं असेल, कारण नावाच्या मधेच ती अडखळली आणि तिने ते पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. “ते नको म्हणत होते. अंगात ताप होता. समितीच्या लोकांनी ऐकलं न्हाई.” यात ‘असंल’ नव्हतं, ‘वाटतं’ नव्हतं. सरळ, एका दमात.

वकीलसाहेबांनी माझा गुडघा दाबला.

निकाल महिन्याभराने आला. वकीलसाहेबांनी फोनवर वाचून दाखवला. अर्ज फेटाळला होता. कारणं दोन. एक: अर्जदाराने सुनावणीत केलेलं कथन मूळ जबाबाशी विसंगत असून ते नंतर विचार करून केलेली सुधारणा दिसते. मूळ जबाबात अर्जदाराने असं नाव घेऊन कुठेही सांगितलेलं नाही. दोन: अर्जदाराच्या तज्ज्ञांनी स्वतःच ‘नक्की सांगता येत नाही’ असं नमूद केलं आहे, व ‘बहुतांश’ म्हणजे सर्व नव्हे.

“पुन्हा वाचा,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “सर, मी तुम्हाला दोष देत नाही. पण ते ‘नक्की’वालं वाक्य नसतं तर…”

“नक्की नव्हतं.”

“हाव. ते तर आहेच.”

त्यांचं ‘हाव’ कुठल्या अर्थाचं होतं ते मी विचारलं नाही.

मोघम बोलली म्हणून तिचं खरं धरलं नाही. मग जसं बोलायला हवं होतं तसं बोलली, तर बदलून बोलली म्हणून धरलं नाही. मी जमिनीवर बसून दोन्ही जबाब समोर ठेवून किती वेळ बघत होतो. तिला तिसरा कुठला मार्ग होता हे मला शोधायचं होतं. विषयाचा माणूस म्हणून मला तो दिसायला हवा होता. दिसला नाही. आम्ही लोक सांगतो की फरक लिंगाचा नाही, अधिकाराचा आहे, आणि ते बरोबर आहे, आकड्यांनी बरोबर आहे. पण त्या दालनात ते बरोबर असून कुणाच्या उपयोगी पडलं?

आमच्या घरच्या म्हणाल्या, “वकील म्हणत होते तसं लिहिलं असतं तर?”

“तर त्यांनी दुसरं कारण लिहिलं असतं.”

“हे तुम्हाला नक्की माहिती आहे?”

मी म्हणालो, नाही.

वर अपील करायचं होतं, लातूरला. वकीलसाहेब फी न घेता तयार होते. पण फाइलची नक्कल मागायला गेले तर तेच उत्तर, जिल्ह्याचं काय ते ठरू द्या. नवीन जिल्हा झाला नाही. नक्कल मिळाली तेव्हा मुदत उलटत आली होती. मी तिच्या भावाला फोन केला. सही घ्यायला गावी जाऊन ये म्हटलं.

“ती न्हाई करणार सर,” तो म्हणाला.

“का? मी बोलू का तिच्याशी?”

“नगा. घरात तिच्याशी कुणी बोलून नाही राहिलं. सासू म्हणती, माज्या लेकाचं नाव असं कचेरीत घेतलंस, चार लोकांत, आन् काय आणलंस? त्या दिवसापासून सासू तिच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. टँकर आला की सासू वेगळी घागर लावती.”

“आणि ती काय म्हणते?”

मागे शाळेचा गोंगाट येत होता.

“ती काय म्हणणार सर. ती आता कुणाशीच बोलत न्हाई. पोरांना हाक मारायची असंल तर टाळी वाजवती.”

मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी माझा तास होता, भाषा आणि लिंगभेद, हाच घटक. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, सर, पण बायका जास्त बोलतात हे तर खरंच आहे ना? वर्ग हसला. मुलीही हसल्या. मी फळ्याकडे वळलो आणि दरवर्षीप्रमाणे दोन्ही आकडे लिहिले, खोटा आणि खरा. पुढचं स्पष्टीकरण त्या दिवशी मी दिलं नाही. उरलेल्या तासात ते नुसतं उतरवून घ्या म्हणालो.